पाच दहाला पूर्ण पैसे, सव्वासहाला शून्य

जुलैतला शनिवार होता आणि रात्रभर पाऊस थांबला नव्हता. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या कारखान्याच्या गाळ्यात एक को-वर्किंग जागा आहे. तिथे बेचाळीस टेबलं आणि दोन मीटिंग रूम आहेत. लहान रूम चार जणांची, तासाला ३५० रुपये. मोठी बारा जणांची, तासाला ६०० रुपये. दोन्हींवर जीएसटी वेगळा. त्या दिवशी सकाळी दहाला दोन्ही रूम बुक होत्या. लहान रूम एका इंटिरियर डिझायनर बाईंनी दोन तासांसाठी घेतली होती, मोठी रूम एका विमा सल्लागाराने नव्या एजंटांच्या ट्रेनिंगसाठी तीन तास.

डिझायनर बाईंचं गिऱ्हाईक डोंबिवलीहून येणार होतं. रुळांवर पाणी चढल्याचे मेसेज व्हॉट्सॲपवर पहाटेपासूनच फिरत होते. त्यांनी पाच वाजून दहा मिनिटांनी साइटवर जाऊन बुकिंग रद्द केलं आणि त्यांचे पूर्ण ८२६ रुपये परत निघाले. विमा सल्लागार सव्वासहाला उठले, तेच मेसेज पाहिले, त्यांनीही रद्द केलं. त्यांच्या २,१२४ रुपयांपैकी एक पैसाही परत आला नाही.

दोघंही त्याच जागेचे सभासद. सोमवारी चहाच्या यंत्रापाशी पावसाचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत सगळा हिशोब उघडा पडला. दुपारी मालकीण ताईंचा मला फोन आला. साइट मी केलेली असल्यामुळे त्यांनी सरळच विचारलं, "अरे, तुझं सॉफ्टवेअर माणसं बघून पैसे देतं का?"

संशय आधी रिसेप्शनवरच्या मुलावर गेला होता. त्याच्या स्क्रीनवर 'पूर्ण परतावा द्या' असं एक बटण आहे, ओळखीतल्या माणसाला ते दाबून दिलं असेल असं ताईंना वाटलं. पण त्या बटणाची नोंद वेगळी राहते आणि शनिवारी ते कुणीच दाबलेलं नव्हतं. पहाटे पाचला पोरगा कळव्याला घरी झोपलेला होता. दोन्ही निर्णय साइटने स्वतःच घेतले होते.

साइटवरचा नियम तेव्हा एका ओळीचा होता: 'बुकिंगच्या एक दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण परतावा. त्यानंतर परतावा नाही.' ही ओळ ताईंनी दिली होती आणि मी जशीच्या तशी चिकटवली होती. या ओळीप्रमाणे दोघांनीही त्याच दिवशी रद्द केलं होतं, म्हणजे दोघांनाही शून्य मिळायला हवं होतं. चूक सल्लागारांच्या बाबतीत झाली नव्हती, डिझायनर बाईंच्या बाबतीत झाली होती.

मी माझ्या लॅपटॉपवर तेच बुकिंग केलं, त्याच दिवशी पहाटे पाच दहाची वेळ देऊन रद्द केलं आणि उत्तर बरोबर आलं: शून्य परतावा. दोन-तीनदा केलं, तरी तेच. चुकीचं उत्तर फक्त सर्व्हरवर येत होतं आणि तिथेही कामाच्या वेळात कधीच दिसत नव्हतं. शेवटी परताव्याची अट असलेली ओळ समोर घेऊन बसलो.

```sql
-- जुनी अट
cancelled_at::date < starts_at::date
```

दोन्ही रकाने `timestamptz` प्रकारचे आहेत, म्हणजे आमचा डेटाबेस पोस्टग्रेस त्यात नेमका क्षण ठेवतो. भानगड `::date` मध्ये आहे. एखादा क्षण कोणत्या तारखेला येतो हे ठरवताना डेटाबेस त्या वेळी चालू असलेला टाइमझोन बघतो. माझ्या लॅपटॉपवर तो `Asia/Kolkata` होता, सर्व्हरवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्या शनिवारचे पहाटेचे पाच दहा म्हणजे यूटीसीत शुक्रवारचे रात्रीचे अकरा चाळीस. सकाळी दहाचं बुकिंग मात्र यूटीसीत शनिवारी साडेचारला येतं. सर्व्हरच्या लेखी बाईंनी खरोखरच 'एक दिवस आधी' रद्द केलं होतं. सव्वासहापर्यंत तिकडेही शनिवार लागलेला होता.

थोडक्यात, आमच्या सर्व्हरचा दिवस पहाटे साडेपाचला उजाडत होता. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, तसाच जवळपास. माझी आजी असती तर तिला यात काहीच वावगं वाटलं नसतं.

असं आणखी किती वेळा झालं होतं ते शोधायला एक छोटी क्वेरी पुरली.

```sql
SELECT id, cancelled_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata' AS ist
FROM cancellations
WHERE (cancelled_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::time < '05:30';
```

साइट सुरू होऊन आठ महिने झाले होते. मध्यरात्र ते साडेपाच या वेळेत रद्द झालेली चौदा बुकिंग निघाली. त्यांतली नऊ त्याच दिवसाची होती आणि नवांनाही पूर्ण पैसे गेले होते. त्यांतली पाच एकाच माणसाची. तो अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा आयटीतला मुलगा आहे. शिफ्ट संपवून पहाटे चारला घरी जाताना दुसऱ्या दिवशीची रूम नको असेल तर रद्द करायचा. त्याला ही फट सापडली होती असं मला वाटत नाही. त्याचा दिवसच तेव्हा संपत होता. ताईंनीही त्याच्याकडे वसुली काढली नाही. या आठ महिन्यांत एकही तक्रार आली नव्हती, कारण जागा सकाळी सातला उघडते आणि त्यामुळे ही चूक दर वेळी गिऱ्हाइकाच्याच फायद्याची होत होती. जास्त पैसे परत आले म्हणून कोण फोन करतं?

टाइमझोन दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली असती. मी ताईंना तसं सांगितलंही. त्यांचा पुढचा प्रश्न असा होता: "म्हणजे आता दोघांनाही शून्य. गाड्या बंद असताना. हे बरोबर झालं?"

तिथून हे प्रकरण कोडचं राहिलं नाही.

आम्ही आधी ती ओळच सोलून पाहिली. 'एक दिवस आधी' म्हणजे नक्की केव्हा? शनिवारी सकाळी दहाचं बुकिंग आहे आणि एखाद्याने शुक्रवारी रात्री नऊ चाळीसला रद्द केलं. त्याच्या दृष्टीने हा आदला दिवस आहे, पैसे मिळायला हवेत. रिसेप्शनवरचा मुलगा फोनवर लोकांना 'चोवीस तास आधी' असं सांगत होता. त्याच्या हिशोबाने मुदत शुक्रवारी सकाळी दहालाच संपली होती. ताईंच्या मनात तिसरंच होतं. त्यांना वाटत होतं की आदल्या दिवशी संध्याकाळी जागा बंद होईपर्यंत, म्हणजे आठपर्यंत. एकाच ओळीचे तीन अर्थ तिघांनी धरले होते आणि चौथा सर्व्हरचा.

मराठीत यात आणखी एक गंमत आहे. 'शुक्रवारी रात्री दोनला' असं आपण म्हणतो तेव्हा कॅलेंडरवर शनिवार लागलेला असतो. 'शुक्रवारी पहाटे दोनला' म्हटलं तर मात्र शुक्रवारच. 'शुक्रवारी रात्री बारापर्यंत' या शब्दांवर तर दोन शहाणी माणसं अर्धा तास भांडू शकतात. म्हणून पहिला निर्णय असा झाला की मुदत कधीही 'दिवसां'त मोजायची नाही आणि मध्यरात्रीवर कधीही आणायची नाही. ती बुकिंग सुरू होण्याच्या वेळेपासून मागे तासांत मोजायची, पण गिऱ्हाइकाला तास दाखवायचे नाहीत. त्याला वार, तारीख आणि घड्याळातली वेळ दाखवायची. वजाबाकी त्याने करायची नाही.

दुसरा प्रश्न किती तासांचा. ताईंनी 'एक दिवस' ही मुदत इतर जागांच्या नियमांवरून उचलली होती. पण ही मुदत असते कशासाठी? रद्द झालेली रूम दुसऱ्या कुणाला देता यावी यासाठी. तेव्हा आम्ही साइटचीच तीन महिन्यांची बुकिंग काढली आणि एकच गोष्ट पाहिली: बुकिंग केल्यापासून रूम वापरेपर्यंत किती वेळ जातो. दोन रूमचा स्वभाव अगदी वेगळा निघाला. लहान रूम लोक त्याच दिवशी घेतात, कित्येकदा अर्धा-पाऊण तास आधी. कुणाला कॉल आला, कुणाचा क्लायंट अचानक तीन हात नाक्याला पोचला, की रूम घेतली. मोठी रूम मात्र तीन-चार दिवस आधी जाते, कारण बारा माणसं गोळा करायची असतात. ती आदल्या संध्याकाळी रिकामी झाली तर बहुतेक रिकामीच राहते.

म्हणून मुदतीही वेगळ्या केल्या. लहान रूम सुरू होण्याच्या दोन तास आधीपर्यंत पूर्ण पैसे परत. मोठी रूम चोवीस तास आधीपर्यंत पूर्ण, त्यानंतर चार तास आधीपर्यंत निम्मे, त्यानंतर काही नाही. सभासद असो वा बाहेरचा, मुदत तीच. ताईंना केबिन घेतलेल्या सभासदांना सवलत द्यायची होती. मी म्हटलं, ती तासांच्या दरात द्या, मुदतीत नको. मुदती सभासदत्वाप्रमाणे बदलल्या असत्या तर रिसेप्शनला प्रत्येक फोनवर आधी माणूस कोणत्या प्लॅनचा आहे ते शोधत बसावं लागलं असतं.

आता पैसे भरण्याच्या बटणाच्या बरोबर वर, त्या बुकिंगपुरता हिशोब येतो. गुरुवार, १७ जुलै, सकाळी १० ते १, मोठी रूम, अशा बुकिंगला तो असा दिसला:

बुधवार, १६ जुलै, सकाळी १०:०० पर्यंत रद्द केल्यास ₹२,१२४ परत
गुरुवार, १७ जुलै, सकाळी ६:०० पर्यंत रद्द केल्यास ₹१,०६२ परत
त्यानंतर रद्द केल्यास परतावा नाही. रूम दुसऱ्याने घेतली तर तेवढ्या तासांचे पैसे परत.

आकडे जीएसटी धरून आहेत: १,८०० भाडं, ३२४ कर. याच तीन ओळी व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये जातात आणि 'रद्द करा' दाबल्यावरही पुन्हा दिसतात. त्या वेळी लागू असलेली ओळ ठळक असते आणि 'आत्ता रद्द केल्यास ₹१,०६२ मिळतील' असं लिहिलेलं असतं. मग दुसरं बटण. रद्द केल्यानंतर रक्कम कळली आणि मग भांडण झालं, असं आता सहसा होत नाही, कारण रक्कम आधीच वाचलेली असते.

या वेळा दर वेळी नव्याने काढायच्या नाहीत हा माझा हट्ट होता. बुकिंग होतं त्याच क्षणी त्या काढून बुकिंगच्याच ओळीत `full_refund_until` आणि `half_refund_until` या रकान्यांत लिहून ठेवल्या जातात. परतावा ठरवताना फक्त एक क्षण दुसऱ्या क्षणाच्या आधी आहे का एवढंच बघायचं, तारीख हा शब्दच उरत नाही. टाइमझोन फक्त दाखवताना लागतो. याचा दुसरा फायदा दोन महिन्यांनी कळला. ताईंनी मोठ्या रूमची शेवटची मुदत चारऐवजी सहा तास केली, तेव्हा आधी झालेल्या बुकिंगना हात लागला नाही. ज्याने जे वाचून पैसे भरले, त्याला तेच लागू राहिलं.

एक खाच पहिल्या आठवड्यातच दिसली. एका बाईंनी रात्री नऊला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची मोठी रूम घेतली आणि लगेच लक्षात आलं की तारीख चुकली. त्यांच्यासाठी पूर्ण परताव्याची मुदत बुकिंग करण्याआधीच संपलेली होती. स्क्रीनवरची पहिली ओळ त्यांना 'आज सकाळी नऊपर्यंत' असं सांगत होती, म्हणजे बारा तासांपूर्वीची वेळ. आता मुदत उलटून गेलेली असेल तर ती ओळ दाखवतच नाही. तिच्या जागी 'आत्ता बुक केल्यास पूर्ण परताव्यासाठी फक्त १५ मिनिटं' असं येतं. ही पंधरा मिनिटं सगळ्याच बुकिंगना आहेत. बोट चुकणारच.

'रूम दुसऱ्याने घेतली तर' ही तिसरी ओळ ताईंची कल्पना. त्यांचं म्हणणं साधं होतं: एकाच खोलीचे दोनदा पैसे मला नकोत. रद्द झालेली वेळ लगेच खुली होते. डेटाबेसमध्ये एकाच रूमच्या दोन वेळा एकमेकींवर चढू नयेत अशी अट आहे, पण ती फक्त कायम झालेल्या बुकिंगना लागू आहे.

```sql
EXCLUDE USING gist (room_id WITH =, during WITH &&)
  WHERE (status = 'confirmed')
```

शेवटची ओळ नसेल तर रद्द झालेलं बुकिंगसुद्धा रूम अडवून बसतं. वेळेची सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा, म्हणजे दहा ते एक आणि एक ते दोन ही बुकिंग भांडत नाहीत. रूम आवरायला लागणारी दहा मिनिटं आम्ही यात घातली नाहीत. पन्नास मिनिटांचा तास विकणं ताईंना पटलं नाही, आणि मलाही.

ऑगस्टमध्ये एका सभासदाने दहा ते एकची मोठी रूम सकाळी आठला रद्द केली. परतावा शून्य. साडेनऊला दुसऱ्याने अकरा ते एक घेतली. तीनपैकी दोन तास विकले गेले, म्हणून पहिल्याला २,१२४ पैकी १,४१६ परत. इथवर ठीक. पण पहिल्या आवृत्तीत मी हे पैसे दुसरं बुकिंग होताच पाठवत होतो, आणि दुसऱ्या माणसाने दहा मिनिटांत, त्याच पंधरा मिनिटांच्या सवलतीत, आपलं बुकिंग रद्द केलं. ताईंनी दोघांचेही पैसे दिले आणि रूम रिकामीच राहिली. आता हा हिशोब मूळ वेळ संपल्यावर होतो, तोवर जे टिकलं तेवढंच धरलं जातं. एखाद्याने निम्म्याच्या मुदतीत रद्द केलं असेल तर निम्मे लगेच मिळतात आणि विकलेल्या तासांचा हिस्सा त्याहून जास्त निघाला तर वरचा फरक मागून येतो.

सभासदत्वाच्या तासांनी आम्हाला पैशांपेक्षा जास्त दमवलं. तीन प्लॅन आहेत. हॉट डेस्कला, म्हणजे मिळेल त्या टेबलावर बसणाऱ्याला, महिन्याला रूमचे चार तास, फिक्स डेस्कला दहा, केबिनला वीस. जुन्या साइटवर रद्द केलं की तास केव्हाही परत मिळायचे. ते पैसे नव्हतेच ना, मग कापायचे काय, असा विचार. परिणाम असा की एक केबिनवाले महिन्याच्या पहिल्याच दिवशी सगळ्या शनिवारची मोठी रूम धरून ठेवायचे आणि शुक्रवारी रात्री गरज पाहून सोडायचे. बाहेरून चौकशी करणाऱ्याला शनिवार कधीच मोकळा दिसत नसे. कागदावर रूम भरलेली, प्रत्यक्षात दिवा बंद.

आता तासांनाही त्याच मुदती लागतात. निम्म्याच्या मुदतीत तीन तासांचे दीड परत येतात, म्हणून खातं तासांत न ठेवता मिनिटांत ठेवलं आहे. तास कोणत्या महिन्यातून जायचे, हाही प्रश्न होता. २९ जुलैला कुणी २ ऑगस्टची रूम घेतली तर ते तास ऑगस्टचे धरतो, कारण रूम तेव्हा वापरली जाणार. उलट धरलं असतं तर ऑगस्टमध्ये रद्द केल्यावर परत आलेले तास मेलेल्या जुलैत जाऊन पडले असते. महिनाअखेरीला परत आलेले तास मात्र आणखी सात दिवस चालतात. नाहीतर ३१ तारखेला मुदतीत रद्द करणाऱ्याला आपण तास परत दिले असं म्हणायचं आणि रात्री ते काढून घ्यायचे, हा पोरखेळ झाला असता. केबिनवाल्यांनी पहिला महिना कुरकुर केली. नंतर शनिवार मोकळे दिसू लागले.

कायद्याची बाजू मला ताईंच्या सीएंनी दाखवली, नाहीतर मी त्या वाटेला गेलो नसतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये चौथ्या नियमात असं आहे की ऑर्डर कायम झाल्यावर ग्राहकाने ती रद्द केली म्हणून विक्रेत्याला शुल्क कापता येत नाही, जोवर विक्रेत्याने स्वतःहून रद्द केल्यास तोही तसंच शुल्क सोसत नाही. धंद्यासाठी सेवा घेणारा प्रत्येक जण 'ग्राहक' ठरत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ठरतो. आणि को-वर्किंगमध्ये असेच लोक जास्त. जुन्या नियमात ताईंनी रद्द केल्यास काय, याचा उल्लेखच नव्हता. एकदा एसी बंद पडला तेव्हा त्यांनी नुसते पैसे परत केले होते आणि आपण मोठेपणा केला असं त्यांना वाटलं होतं. आता एक ओळ वाढली आहे: आम्ही रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, आणि त्या क्षणी तुमचं जितकं शुल्क कापलं गेलं असतं तितकं आमच्याकडून तुमच्या खात्यात जमा. ही ओळ लिहून दिल्यावर ताईंनी एसीचं वार्षिक कंत्राट केलं.

त्याच नियमांत संमती ग्राहकाने स्वतः कृती करून दिली पाहिजे असंही आहे, आधीच टिक केलेली चौकट चालत नाही. आमची होती. मीच ठेवली होती, सवयीने.

जीएसटीत एक चूक रिसेप्शन नेहमी करत असे. निम्मा परतावा म्हणून १,८०० चे निम्मे ९०० परत पाठवायचे आणि कराचे ३२४ तसेच राहायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, निम्मे सांगितले होते, कमी आले. कापलेल्या शुल्कावरही कर लागतोच. मूळ सेवेला जो दर तोच रद्द शुल्काला, असं ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे ताईंकडे राहतात ९०० अधिक १६२, आणि गिऱ्हाइकाला जातात तेवढेच १,०६२. बिल आधीच निघालेलं असल्यामुळे परत गेलेल्या भागाची क्रेडिट नोट निघते. ती आता साइटच काढते. पूर्ण परताव्यात पेमेंट गेटवेचं शुल्क परत येत नाही, ते ताई सोसतात. पहिल्यांदा हे कळल्यावर त्यांनी ते गिऱ्हाइकाकडून कापायचं म्हटलं होतं. मी विचारलं, मग 'पूर्ण' हा शब्द कुठे गेला? तो विषय तिथेच संपला.

राहिला पाऊस. पावसाचा नियम लिहिताना 'अतिवृष्टी झाल्यास' असं लिहिणं म्हणजे पुन्हा 'एक दिवस आधी'च. ठाण्यात अतिवृष्टी कुणाची? कासारवडवलीत ऊन आणि कोपरीत गुडघाभर पाणी, असंही होतं. म्हणून बाहेरचा, सगळ्यांना दिसणारा खांब शोधला. हवामान खातं जिल्हावार रंगांचे इशारे देतं. ठाणे जिल्ह्यासाठी ज्या तारखेचा रेड अलर्ट असेल त्या तारखेचं कोणतंही बुकिंग सुरू होईपर्यंत फुकट पुढे ढकलता येतं, तीस दिवसांच्या आत. पैसे परत नाहीत, फक्त तारीख बदलते. पैसे परत ठेवले असते तर एका अलर्टने ताईंचा अख्खा दिवस कोरडा गेला असता. हे साइट आपोआप करत नाही. इशारा आला की ताई त्या तारखेपुढचं एक बटण चालू करतात आणि त्या दिवशीच्या सगळ्यांना मेसेज जातो. आपोआप करता आलं असतं, पण इशारे दिवसात बदलतात. एकदा दिलेली सवलत दुपारी केशरी झाला म्हणून काढून घ्यायची नाही, एवढं ठरवायला माणूसच बरा.

यात एक भोक आहे ते मान्य. अलर्ट नसताना गाड्या बंद पडल्या तर काहीच नाही. त्या जुलैच्या शनिवारी नेमका केशरीच होता.

त्या दोघांचं काय झालं? डिझायनर बाईंकडून ८२६ परत मागितले नाहीत. नव्या नियमाने लहान रूमला पहाटे पाच दहाला पूर्ण परतावा तसाही मिळालाच असता. सल्लागारांना नव्या नियमानेही काही मिळालं नसतं. सव्वासहा म्हणजे चार तासांच्या आत, आणि त्या पावसात रूम घ्यायला दुसरं कुणी आलं नाही. पण शेजारच्या टेबलाला पैसे मिळाले आणि त्यांना नाही, ही चूक आमची होती. ताईंनी त्यांच्या खात्यात मोठ्या रूमचे तीन तास जमा केले, डिसेंबरअखेरपर्यंत चालणारे. "पैसे दिले असते तर बरं झालं असतं," असं ते म्हणाले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी ते तास वापरले.

एक गोष्ट अजून हाताने चालते. एका सीएंचा दर शनिवारचा वर्ग आहे, बारा शनिवार एकदम बुक केलेले आणि एकगठ्ठा म्हणून दहा टक्के सूट. चौथ्या शनिवारनंतर त्यांनी उरलेले आठही रद्द केले तर सूट कोणत्या शनिवारांवरची काढायची, हे मला आणि ताईंना अजून एकमताने सांगता येत नाही. त्यामुळे त्या बुकिंगवर 'रद्द करा' हे बटणच नाही. तिथे लिहिलं आहे, 'रिसेप्शनला फोन करा', आणि पोरगा तो फोन माझ्याकडे फिरवतो.